सात मिलिमीटरचा दगड

एरंडोलच्या जुन्या भागातली एक गल्ली चौकातून निघते आणि अंजनी नदीकडं उतरत जाते. उतार फार नाही, सायकल पायडल न मारता जाईल एवढाच. एका बाजूला काळ्या दगडाची जोती, त्यावर मातीच्या जाड भिंती, लाकडी खांबांच्या ओसऱ्या, पुढं ओटे. ओट्यांना लागून दगडी लाद्यांची फरसबंदी अजून बरीच टिकून आहे, मध्ये मात्र सिमेंटची ठिगळं आहेत. या गल्लीतल्या एका वाड्याचे मालक अप्पा, वय अठ्ठ्याहत्तर. वाड्याच्या वाटण्या झाल्या, एक हिस्सा विकला गेला आणि अप्पा मुलाकडं नाशिकला फ्लॅटमध्ये राहायला निघाले. जायच्या दीड महिना आधी माझ्या स्टुडिओत आले आणि म्हणाले, गल्लीचा एक मोठा फोटो पाहिजे, भिंतीवर लावायला, पण तो कचऱ्याचा डबा नको, क्लासवाल्याचा बोर्ड नको, तो सिमेंटचा बाक पण नको, मी लहान होतो तेव्हा जसं दिसायचं तसं करून दे.

मी हो म्हणालो. लग्नाच्या अल्बममधून नको असलेले पाहुणे, वायरी, पंख्याचं पातं असं काय काय मी रोज काढतो, त्यामुळं हे दोन संध्याकाळचं काम आहे असं वाटलं. त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातले निम्मे एका दगडापायी गेले जो छापलेल्या फोटोत जेमतेम सात मिलिमीटर उंच दिसतो. आज लिहायचंय ते त्या दगडाबद्दलच.

फोटो सकाळी सव्वासातला काढला. तेव्हा गल्लीत ऊन उतरलेलं नसतं, सगळीकडं सारखा मऊ उजेड असतो, आणि ज्या फोटोतून वस्तू काढायच्या आहेत त्याला असा उजेड फार सोयीचा, कारण कडक उन्हात प्रत्येक डब्याची सावली पण काढावी लागते आणि सावलीखालची फरशी उजेडात कशी दिसली असती ते मनानं ठरवावं लागतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, जमिनीपासून दीड मीटर, २४ एमएम लेन्स, उभी फ्रेम, आणि कॅमेरा अगदी लेव्हलमध्ये. वर-खाली झुकवला नाही. हे नीट सांगतोय कारण पुढचा सगळा हिशोब यावर उभा आहे. अर्ध्या तासात चाळीस फ्रेम घेतल्या, त्यामुळं दूधवाला, शाळेची पोरं, एक गाय, ही सगळी हलणारी मंडळी वेगवेगळ्या फ्रेममधून आपोआप निघाली, कारण एका फ्रेममध्ये झाकलेली जागा दुसऱ्या फ्रेममध्ये मोकळी असतेच. न हलणाऱ्या वस्तूंची गोष्ट वेगळी. त्यांच्यामागं काय आहे ते चाळीस काय चारशे फ्रेममध्ये पण दिसत नाही.

बाक सोपा निघाला. खाली पाय होते, पायांमधून फरशी दिसत होती, जे दिसतंय त्यावरून न दिसणारं भरलं, एका संध्याकाळीत झालं.

बोर्डानं थोडं शिकवलं. क्लासचा फ्लेक्स ओसरीच्या दोन खांबांना तारेनं बांधलेला, आणि त्यामागं उजव्या खांबाच्या डोक्यावरचं कोरीव काम झाकलं गेलेलं. डाव्या खांबाचं कोरीव काम पूर्ण दिसत होतं, दोन्ही जोडीचे, म्हणून मी डाव्याचं उचललं, आरशासारखं उलटं केलं आणि उजव्यावर बसवलं. आकार बरोबर बसला, तरी ते लाकूड भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसत राहिलं. कारण कळायला वेळ लागला. गल्लीत उजेड चौकाकडून येत होता, म्हणजे कोरलेल्या पाकळ्यांची चौकाकडची कड उजळ आणि नदीकडची कड काळी. उलटं केल्यावर एकाच ओसरीतल्या दोन खांबांवर उजेड दोन बाजूंनी यायला लागला. डोळ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं. मग आरसा सोडून दिला आणि पलीकडच्या खांबांच्या जोडीतल्या त्याच बाजूच्या खांबाचं कोरीव काम जवळ जाऊन वेगळं शूट केलं, उलटं न करता लहान करून बसवलं. जोडीचं काम दिसलं की आरसा वापरायचा मोह सगळ्यांना होतो, पण लाकडाचा आकार जोडीचा असला तरी त्यावरचा उजेड जोडीचा नसतो.

आता डबा. खरं तर दोन डबे, ओल्या कचऱ्याचा हिरवा आणि सुक्या कचऱ्याचा निळा, एका लोखंडी चौकटीत टांगलेले, चौकट फरशीत बोल्ट मारून पक्की केलेली. जिथं अप्पांच्या वाड्याचं जोतं आणि फरसबंदी एकमेकांना भेटतात बरोब्बर त्या कोपऱ्यात. म्हणजे डब्यांमागं भिंत पण झाकलेली, फरशी पण झाकलेली, आणि दोघांच्या मधली रेघ पण झाकलेली. माझ्या कॅमेऱ्यापासून चौकट पाच मीटरवर सुरू होत होती आणि तिची लांबी एक मीटर दहा सेंटिमीटर.

आधी फरशी घेतली. इथं नवीन माणूस काय करतो, आणि मी पण तेच केलं, तर फोटोशॉपमधला क्लोन स्टॅम्प घेतो, जवळची चांगली लादी उचलतो आणि डब्याच्या जागी छापतो. ते कधीच बसत नाही. का बसत नाही ते एकदा पिक्सेलमध्ये मोजून पाहिलं तेव्हा मला खरं समजलं. माझ्या फोटोत, फरशीच्या रेषा जिथं मिटतात त्या आडव्या रेषेपासून खाली मोजत गेलं तर कॅमेऱ्यापासून चार मीटरवरचा सांधा १५०० पिक्सेलवर पडतो, पाच मीटरवरचा १२०० वर, सहा मीटरवरचा १००० वर आणि सात मीटरवरचा ८५७ वर. हिशोब साधा आहे, ६००० ला अंतरानं भागायचं, ६००० हा आकडा माझ्या लेन्सच्या पिक्सेलमधल्या लांबीचा, म्हणजे ४००० चा, आणि कॅमेऱ्याच्या दीड मीटर उंचीचा गुणाकार. आता बघा, जमिनीवर प्रत्येक टप्पा एक मीटरचाच आहे, पण फोटोत पहिला टप्पा ३०० पिक्सेलचा, दुसरा २००, तिसरा १४३. म्हणजे पाच-सहा मीटरमधली लादी उचलून सहा-सात मीटरच्या जागेत ठेवायची असेल तर तिची रुंदी ८५ टक्के करावी लागते आणि उंची ७१ टक्के. दोन्ही सारखी कमी करून चालत नाही. लांबची लादी फक्त लहान होत नाही, ती चपटी पण होते, आणि रुंदीपेक्षा जास्त वेगानं चपटी होते. क्लोन सोर्सच्या पॅनलमध्ये `W` आणि `H` चे दोन वेगळे खाने असतात, मधली साखळी सोडवली की दोन्हीला वेगवेगळे आकडे देता येतात. मी वीस वर्षं फोटोशॉप वापरतोय, ती साखळी पहिल्यांदा तेव्हा सोडवली.

फरशी मोठी असेल तर प्रत्येक लादीला आकडे घालत बसायची गरज नाही, व्हॅनिशिंग पॉइंट फिल्टरमध्ये फरशीवर चार टोकं ठेवून जाळी टाकली की ते चपटं करणं आपोआप होतं. जाळी निळी आली तर ठीक, पिवळी किंवा लाल झाली म्हणजे चार टोकांतून खरा चौकोन निघत नाहीये. टोकं ठेवताना मी लाद्यांचे सांधे पकडले, जवळजवळचे नाही, जितके लांब सापडतील तितके, कारण छोट्या चौकोनातली एक पिक्सेलची चूक जाळी पुढं ओढली की बोटभर होते. एवढं केल्यावर फरशी छान बसली. दर तिसऱ्या लादीला तोच कोपरा तुटलेला दिसत होता, तो जाऊन जाऊन वेगळा केला. लाद्यांवर आणि जोत्याच्या दगडांवर हिरव्या डब्याच्या रंगाची झाक पडलेली होती, डबा पुसला तरी ती झाक हिरव्या वाफेसारखी आजूबाजूला राहिली होती, ती पण वरून एक लेयर कलर मोडवर ठेवून, शेजारच्या दगडाचा रंग घेऊन, अगदी हलक्या ब्रशनं घालवली. ही झाक बहुतेक लोक विसरतात. डबा गेला तरी डबा होता हे कळतं ते यावरूनच.

मग भिंत. जोत्याच्या दगडांचे थर, प्रत्येक थर बावीस सेंटिमीटर उंच, चौकाच्या बाजूचे दगड छान स्वच्छ दिसत होते, ते डब्यांमागं सरकवत नेले. थरांच्या आडव्या रेषा बरोबर दूरच्या बिंदूकडं चालल्या होत्या. सगळ्यात खालची रेष, जिथं जोतं फरशीला टेकतं, ती पण त्यांच्याबरोबरच तिकडंच नेली. डब्यांच्या पलीकडच्या टोकाला आल्यावर माझी खालची रेष आणि फोटोतली खरी रेष जुळेनात. माझी वर होती, खरी खाली, साधारण पन्नास पिक्सेलचा फरक. मी समजलो की लेन्सचा दोष असेल किंवा जोतं तिथं खचलं असेल. पायऱ्यासारखा दिसणारा तो जोड झाकायला खाली थोडं गवत आणून लावलं, एक हलकी सावली टाकली. अशा जुन्या गल्लीत भिंतीच्या बुडाशी गवत असतंच, कुणाला काय कळणार.

छत्तीस बाय चोवीस इंचाचा प्रूफ काढला आणि अप्पांना दाखवायला घेऊन गेलो. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा वर केला, खूप वेळ बघत राहिले. बोर्डाची जागा बघितली, मान हलवली. बाकाची जागा बघितली. मग बोट खाली कोपऱ्यात आलं आणि गवतावर थांबलं.

"भाऊ, हाई भिंत आपली नही शे."

मी म्हटलं अप्पा, तुमचीच भिंत आहे, फक्त डबा काढलाय. ते म्हणाले, डबा काढलास ते दिसतंय मला, पण इथं खालचा थर कुठं गेला? इथं एक थर सुरू होतो. मी म्हटलं कुठला थर? तर म्हणाले, अरे आम्ही पोरं इथं गोट्या खेळायचो, चौकातून सोडलेली गोटी या भिंतीच्या कडेनं घरंगळत यायची आणि बरोबर इथं येऊन अडकायची, तिथं दगडाचं टोक जमिनीतून बाहेर निघतं, त्याच्याखाली बारीक खाच होती, आम्ही तिला गोटीचं घर म्हणायचो.

मी प्रूफ गुंडाळून घरी आलो आणि त्या रात्री फोटोवर नुसत्या रेघा मारत बसलो. थरांच्या आडव्या रेषा लांबवल्या, चौकाकडच्या आणि नदीकडच्या, सगळ्या एका बिंदूत मिळाल्या, आणि तो बिंदू फ्रेमच्या बरोबर मधोमध उंचीवर, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर. मग फरशीचे लांबीच्या दिशेचे सांधे लांबवले. ते त्या बिंदूत मिळाले नाहीत. त्यांचा बिंदू २७० पिक्सेल खाली होता. तेव्हा सगळं उलगडलं.

गल्ली उताराची आहे. फरशी उतरत जाते म्हणून तिच्या रेषा खालच्या बिंदूकडं जातात. पण गवंडी जोतं बांधताना दगडाचे थर उताराला धरून लावत नाही, तो पाण्याच्या पातळीत लावतो, नाहीतर वरची भिंत घसरेल, खांब तिरके होतील. म्हणजे एकाच भिंतीत दोन तऱ्हेच्या रेषा असतात, थरांच्या रेषा लेव्हल आणि बुडाची रेष उतरती. उतारावर जमीन जशी खाली जाते तसा तिच्यात गाडलेला पुढचा थर हळूहळू उघडा पडायला लागतो, आधी नखाएवढा, मग बोटभर, मग पूर्ण. चौकाकडून बघितलं तर भिंतीत सहा थर दिसतात, नदीच्या टोकाला बारा. प्रत्येक थराचं एक सुरू व्हायचं ठिकाण असतं, तिथं दगड पाचरीसारखा निमुळता दिसतो. अशा एका थराचं सुरू व्हायचं ठिकाण बरोबर डब्यांमागं होतं. आणि मी बुडाची रेष थरांबरोबर लेव्हल ओढून अख्खी गल्लीच तेवढ्या जागेत सपाट करून टाकली होती. पन्नास पिक्सेलचा तो फरक लेन्सचा दोष नव्हता, तो उतार होता, आणि मी त्याच्यावर गवत लावलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. जोड जुळत नव्हता म्हणजे भिंत मला काहीतरी सांगत होती, आणि मी तिला गप्प केलं.

२७० पिक्सेलवरून उतार पण काढता येतो. माझ्या फोटोत लेन्सची लांबी पिक्सेलमध्ये ४००० येते, २७० भागिले ४०००, म्हणजे पंधरा मीटरला एक मीटर. चौकटीची लांबी एक मीटर दहा, म्हणजे तेवढ्यात जमीन साडेसात सेंटिमीटरच्या आसपास उतरायला हवी. कागदावर ठीक, पण आता मला मोजल्याशिवाय काही करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या एका गवंडीबाबांना घेऊन गेलो. त्यांनी पाण्याची नळी आणली, पारदर्शक प्लास्टिकची, तीच जिनं घराची लेव्हल काढतात. एक टोक चौकटीच्या वरच्या, म्हणजे चौकाकडच्या बाजूला थराच्या सांध्यावर धरलं, दुसरं खालच्या बाजूला, दोन्हीकडचं पाणी सांध्याच्या रेषेवर आलं. थर लेव्हल. मग त्या सांध्यापासून जमिनीपर्यंत टेप लावला. वरच्या टोकाला शून्य, सांधाच फरशीला टेकलेला. खालच्या टोकाला सात सेंटिमीटर, थोडं वर. चौकटीच्या आणि भिंतीच्या मध्ये पंधरा सेंटिमीटरची फट होती, बाबांनी त्यात हात घातला, कचरा बाजूला सारला आणि बोटांनी चाचपून सांगितलं की खाली दगडाचे दोन उभे सांधे आहेत. टेप आत सरकवून मोजले, वरच्या टोकापासून अडतीस सेंटिमीटरवर एक आणि एक्क्याऐंशीवर दुसरा. मी जमिनीवर आडवं होऊन फटीतून मोबाईलनं फोटो घेतला. तो फोटो फायनलमध्ये वापरण्यासारखा नव्हता, अगदी कडेनं घेतलेला, वरून फ्लॅशचा, पण त्यात तो दिसला. निमुळता काळा दगड, टोकाला जमिनीतून निघणारा, त्याच्याखाली एक खाच, खाचेत ओला कचरा आणि माती भरलेली. गोटीचं घर.

त्या दिवशी घरी येऊन जुना लेयर डिलीट केला आणि भिंत नव्यानं बांधायला घेतली. या वेळी आधी फक्त रेघा, दगड नंतर. पेन टूलनं एक रेष वरच्या बिंदूकडं, ती थराचा सांधा. दुसरी रेष खालच्या बिंदूकडं, ती जोत्याचं बूड. दोन्ही डब्यांच्या वरच्या टोकाला एकत्र, खालच्या टोकाला अठ्ठेचाळीस पिक्सेल लांब. ही पाचर. ज्या जोडाला मी गवत लावलं होतं तिथं खालची रेष फोटोतल्या खऱ्या रेषेला जाऊन इतकी नेमकी मिळाली की मी झूम करून तीनदा बघितलं. मग उभे सांधे. अडतीस सेंटिमीटरवर पाचरीची जाडी अडीच सेंटिमीटर, एक्क्याऐंशीवर पावणेसहाच्या आत. म्हणजे पहिला दगड शून्यापासून अडीचपर्यंत वाढणारी कपची, दुसरा त्याहून जाड, तिसरा चौकटीच्या बाहेर फोटोत अर्धा दिसतच होता, त्याला फक्त मागं पूर्ण करायचं होतं.

इथं अजून एक चूक टाळली ती सांगतो. व्हॅनिशिंग पॉइंटमध्ये फरशीची जाळी टाकली की कंट्रोल दाबून तिच्या कडेतून भिंतीची उभी जाळी ओढून काढता येते, खूप सोयीचं वाटतं. सपाट रस्त्यावर ते बरोबर चालतं. धुळ्याच्या नंबरच्या गल्ल्या बघा, १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला खानदेशचं ठाणं केल्यावर वाढलेला तो भाग, रस्ते सरळ आणि जवळपास सपाट, तिथं फरशीची आणि भिंतीची दिशा एकच, अशी जाळी चपखल बसते. पण उताराच्या गल्लीत फरशीतून ओढलेली भिंत फरशीचाच तिरपेपणा घेऊन वर जाते, तिच्या रेषा उताराला समांतर, आणि खरे थर लेव्हल. त्यात छापलेला प्रत्येक दगड जरासा घसरल्यासारखा दिसतो. म्हणून भिंतीसाठी जाळी वेगळी, थरांच्याच सांध्यांवर चार टोकं ठेवून. आणि गल्लीला वळण असेल तर वळणापलीकडच्या भिंतीला तिसरी जाळी, कारण ती भिंत आडवी फिरलेली असते, तिचा बिंदू त्याच उंचीवर पण बाजूला सरकलेला असतो. आमच्या गावांतल्या जुन्या गल्ल्या कुणी दोरी लावून आखलेल्या नाहीत. समोरासमोरच्या दोन भिंती पण क्वचितच समांतर असतात, एकेका घराची रेष आधी तपासायची आणि मगच हात लावायचा.

दगडाचं अंग कुठून आणायचं हा शेवटचा प्रश्न. तो थर वरच्या बाजूला जमिनीत, म्हणजे जवळचा दगड उचलून लहान करायची सोय नाही. खालच्या बाजूला तोच थर पुढं चालू आहे पण फोटोत तो लांबचा, लहान आणि थोडा मऊ, तो मोठा केला तर शेजारच्या टणक दगडांमध्ये मेणाचा वाटेल. म्हणून परत सकाळी सव्वासातला जाऊन त्याच थराचे खालचे दगड जवळून शूट केले, तोच उजेड, तीच लेन्स, आणि ते लहान करून बसवले. लहान केलेला दगड नेहमी चालतो, मोठा केलेला चालत नाही. दगडाच्या बुडाशी जिथं तो फरशीला टेकतो तिथं काळसर बारीक रेघ असते, उजेड आत पोहोचत नाही म्हणून, ती शेवटी दिली आणि खाचेच्या जागी थोडी रुंद केली. मोबाईलच्या फोटोत जेवढी दिसत होती तेवढीच.

झालं की नाही ते बघायला दोन गोष्टी करतो. एक, फोटो आडवा उलटा करून बघतो, डोळ्याची सवय मोडते आणि चूक लगेच दिसते. दुसरी, वर एक कर्व्ह लेयर टाकून त्याची रेघ चार-पाच वेळा वर-खाली नागमोडी करतो. फोटो भयानक दिसतो पण जिथं नवीन काम केलंय तिथले उजेडाचे डाग वेगळे उठून येतात. पहिल्या प्रूफला मी हे केलं असतं तर गवताची जागा टरकन दिसली असती. या वेळी भिंतीत काही उठलं नाही, फरशीत एका लादीचे दाणे शेजारच्यांपेक्षा गुळगुळीत निघाले, तिला बारीक ग्रेन दिला.

विजेचा खांब मी काढला नाही. अप्पांनी पण मागितलं नव्हतं, विचारलं तेव्हा म्हणाले, पहिल्यांदा लाईट आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, त्या खांबाखाली आम्ही अभ्यास केला, त्याला राहू दे. मला ते पटलं. बोर्ड लावून चार वर्षं झाली, डबे त्यानंतरचे, त्यांचं गल्लीशी काही नातं झालेलं नाही. वायरींमधल्या केबलवाल्याच्या तेवढ्या काढल्या.

दुसरा प्रूफ घेऊन गेलो तेव्हा वाड्यात सामान बांधणं चाललं होतं, ओसरीत पितळेची भांडी पोत्यात भरलेली. अप्पांनी या वेळी बोर्ड-बाक काही बघितलं नाही, बोट सरळ खालच्या कोपऱ्यात. थोडा वेळ बोट तिथंच ठेवलं. मग नातवाला हाक मारली आणि त्याला दाखवलं, बघ, इथं गोटी यायची.

मी त्यांना सांगितलं की हा तुकडा कॅमेऱ्यानं टिपलेला नाही, मोजून बांधलेला आहे, आणि हे फ्रेमच्या मागं लिहून ठेवावं असं मला वाटतं. उद्या हा वाडा राहिला नाही आणि कुणी हा फोटो बघून इथं असं होतं म्हणालं तर त्याला कळायला पाहिजे की कुठलं दिसलेलं आहे आणि कुठलं भरलेलं. अप्पांनी लगेच पेन मागितला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले, फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर, मोडी वळणाच्या जुन्या अक्षरात: कचऱ्याचे दोन डबे काढले. बोर्ड काढला, मागचे कोरीव काम पलीकडच्या खांबावरून. बाक काढला. केबल काढल्या. विजेचा खांब आहे तसा. जोत्याचा खालचा थर, एक मीटर दहा सेंटिमीटर, टेपाने मोजून. मूळ फोटोची छोटी प्रत मी पुठ्ठ्याच्या आत पाकिटात ठेवली, डबे-बोर्डासकट.

सगळं लिहून झाल्यावर पेन परत द्यायच्या आधी अप्पांनी खाली अजून एक ओळ घातली. खाच खरी आहे, मी पाहिलेली आहे.